स्पोअर स्टेनिंगची स्लाइड पुन्हा लालच आली? आधी कल्चरचं वय विचारा

मी एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दुसऱ्या वर्षाचं स्पोअर स्टेनिंगचं प्रात्यक्षिक आलं की दरवर्षी कुणीतरी स्लाइड हातात धरून माझ्या टेबलाशी येतं. "सर, पुस्तकात हिरवं आहे, माझं सगळं लालच आलंय." मग पुन्हा स्मिअर, पुन्हा वाफ, पुन्हा लाल. तिसऱ्या खेपेला मुलं मॅलाकाइट ग्रीनच्या बाटलीकडे संशयाने बघायला लागतात. माझ्या अनुभवात बाटली क्वचितच दोषी असते. तरी क्रमाने बघू, कारण पहिल्या तपासण्यांना ना पैसा लागतो ना फारसा वेळ.

हे सगळं बॅसिलस सब्टिलिस आणि शेफर-फुल्टन पद्धत धरून लिहिलं आहे. या पद्धतीत वाफेवर दिलेल्या मॅलाकाइट ग्रीनने पेशीतला स्पोअर हिरवा होतो आणि नंतरच्या सॅफ्रानिनने बाकीची पेशी लाल. बहुतेक महाविद्यालयांत हीच जोडी असते.

स्लाइडवर नेमकं काय दिसतंय?

"आलं नाही" एवढं सांगून भागत नाही. ऑइल इमर्शनखाली चार वेगवेगळी चित्रं दिसू शकतात आणि चौघांची कारणं वेगळी आहेत.

पहिलं चित्र म्हणजे सगळे दंडगोल एकसारखे लाल, आत काहीच नाही. दुसरं, दंडगोल लाल पण प्रत्येकाच्या पोटात एक अंडाकृती, बिनरंगाची, चकाकणारी जागा. तिसरं, सगळंच हिरवं. चौथं, हिरवे कण, काड्या, डाग सर्वत्र विखुरलेले आणि पेशींशी त्यांचा काही संबंध नाही.

यातलं दुसरं चित्र बघून मुलं सर्वांत जास्त निराश होतात, मला मात्र ते बघून बरं वाटतं. ती रिकामी वाटणारी जागा म्हणजेच स्पोअर. स्पोअर तयार आहे, फक्त रंग आत गेलेला नाही. म्हणजे चूक वाफेत आहे आणि ती दहा मिनिटांत सुधारते.

फुकटातली तपासणी: त्याच कल्चरची ग्रॅम स्लाइड काढा

त्याच स्लँटची ग्रॅम स्टेनिंगची स्लाइड पडून असेल तर ती आधी लावा. नसेल तर एक मिनिटाचं साधं सॅफ्रानिन स्टेनिंग करा. न तापवता दिलेला कोणताही रंग स्पोअरमध्ये शिरत नाही. त्यामुळे स्पोअर असतील तर पेशीत पांढरी भोकं दिसतील. भोकं दिसली तर पुढची कल्चरची तपासणी सोडून थेट वाफेकडे जा. भोकं नसतील तर तासभर वाफ दिलीत तरी हिरवं काही दिसणार नाही.

एक सावधगिरी. बॅसिलस सिरियस किंवा बॅसिलस मेगाटेरियम वापरत असाल तर पेशीत साठवलेल्या चरबीसारख्या पदार्थाचे कणही तसेच बिनरंगी दिसतात. ते लहान, गोल आणि एका पेशीत अनेक असतात. स्पोअर एका पेशीत एकच असतो, मोठा आणि लांबट.

कल्चरचं वय

दहापैकी सात-आठ वेळा घोडं इथेच पेंड खातं, म्हणून इथे जरा थांबतो.

ग्रॅम स्टेनिंगसाठी आपण मुलांच्या मनावर ठसवतो की कल्चर 18 ते 24 तासांचंच हवं, जुनं झालं की ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीही गुलाबी दिसायला लागतात. तीच सवय इथे नडते. भेंडी भाजीला कोवळी लागते, पण बी धरायचं तर झाडावरच जून होऊ द्यावी लागते. ग्रॅमला कोवळं कल्चर, स्पोअरला जून.

कारण असं की खायला भरपूर आहे तोवर बॅसिलस वाढतो आणि दुभंगतो, स्पोअरच्या भानगडीत पडत नाही. अन्न संपत आलं आणि गर्दी झाली की पेशीतल्या स्पो-झिरो-ए नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढतो आणि तिथून निर्णय फिरतो. पेशी मध्यावर न दुभंगता एका टोकाशी पडदा घालते. त्यामुळे एक लहान कप्पा आणि एक मोठी मातृपेशी असे दोन भाग होतात. मग मोठी पेशी लहान कप्प्याला चारही बाजूंनी वेढून गिळते. आता पेशीच्या आत पेशी आहे आणि आतल्या पेशीभोवती दोन पटलं आहेत. या दोन पटलांच्या मध्ये कॉर्टेक्स नावाचा जाड थर भरला जातो. तो पेशीभित्तिकेसारख्याच पेप्टिडोग्लायकनचा असतो, पण त्याची वीण थोडी वेगळी असते. त्याच्या बाहेर प्रथिनांचं अनेक पदरी कवच बसतं. गाभ्यात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल साठतं आणि पाणी बाहेर काढलं जातं. शेवटी मातृपेशी फुटून मरते आणि स्पोअर मोकळा होतो.

बॅसिलस सब्टिलिसला 37 अंशांवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण सात ते आठ तास लागतात. पण हे घड्याळ सुरू होतं अन्न संपल्यावर, आपण स्ट्रीक केल्यावर नाही. शिवाय स्लँटवरच्या सगळ्या पेशी एकाच वेळी उपाशी पडत नाहीत. म्हणून प्रत्यक्षात न्यूट्रिअंट अगारच्या स्लँटला मी तीन ते पाच दिवस देतो. कवच आणि कॉर्टेक्स शेवटच्या टप्प्यांत पक्के होतात. त्याआधीचा अर्धवट स्पोअर रंग नीट धरून ठेवत नाही आणि फिकट हिरवा किंवा लालसर दिसतो.

एक खरी गोष्ट सांगतो. सोमवारी अकराची बॅच, वीस मुलं, वीसही स्लाइड ठार लाल. स्लँटच्या लेबलावर गुरुवारची तारीख, म्हणजे कागदावर चार दिवसांचं कल्चर. शिकवणाऱ्या मॅडमनी नवा मॅलाकाइट ग्रीन करायला सांगितला. तो केला, तरी लाल. मग मी जुन्या नोंदवहीत बघितलं. गुरुवारी दुपारी चारला सबकल्चर, शुक्रवारी सकाळी नऊला इनक्युबेटरमधून काढून फ्रिजमध्ये. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, कल्चर "खराब होऊ नये" म्हणून कुणीतरी शहाणपणा केला होता. फ्रिजमध्ये स्पोअर बनण्याचं काम थांबतं. म्हणजे लेबलावर चार दिवस असले तरी कल्चरचं खरं वय सतरा तास. खोलीतल्या रॅकवर मागच्या महिन्याचा एक धूळ खात पडलेला स्लँट होता. त्याचा स्मिअर केला आणि पहिल्याच स्लाइडवर हिरवे दाणे आले. फ्रिजमधले स्लँट परत 37 अंशांवर ठेवले. गुरुवारच्या बॅचला त्याच नळ्यांनी सुंदर स्लाइड दिल्या.

तेव्हापासून आमच्याकडे लेबलावर सबकल्चरची तारीख नसते. "इनक्युबेटरमध्ये एकूण तास" लिहिलेले असतात.

वाफ

भोकं दिसतात पण हिरवी होत नाहीत, तेव्हा इथे बघा.

हिरवा रंग स्पोअरमध्ये शिरणं अवघड का, हे रचनेतून कळतं. बाहेर प्रथिनांचं कवच, आत कॉर्टेक्स, त्याच्या आत लहान रेणूंनाही सहजी वाट न देणारं पटल आणि सगळ्यात आत जवळजवळ कोरडा गाभा. थंड रंग ओतला तर तो बाहेरच राहतो. वाफेच्या उष्णतेने हे थर रंगाला वाट देतात. स्लाइड थंड झाली की वाट पुन्हा बंद होते आणि आत गेलेला रंग पाण्याने बाहेर येत नाही. ही पद्धत या एवढ्याशा गोष्टीवर उभी आहे.

करायचं असं. बीकरमध्ये पाणी उकळत ठेवा, त्यावर तारेची जाळी, जाळीवर स्लाइड. स्मिअरवर ब्लॉटिंग पेपरचा स्मिअरच्या मापाचा तुकडा ठेवून 5 टक्के मॅलाकाइट ग्रीनने तो भिजवा. रंगातून वाफ निघायला लागली की घड्याळ लावा आणि तिथून पाच मिनिटं मोजा. मुलं रंग ओतल्यापासून मोजतात. त्यातली पहिली दोन-तीन मिनिटं स्लाइड तापण्यातच जातात आणि खरी वाफ दोनच मिनिटं मिळते.

कागद सुकू लागला की ड्रॉपरने रंग घालत राहा. कागद दोन कामं करतो, रंग एका जागी धरतो आणि रंगाचे स्फटिक स्मिअरवर बसू देत नाही. रंग उकळू मात्र देऊ नका. चौथ्या चित्रातले हिरवे काड्या-कण हे बहुतेक वेळा उकळून किंवा सुकून बसलेला रंगच असतो. थेट बर्नरवर स्लाइड धरणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं.

पाच मिनिटं झाली की कागद चिमट्याने उचला आणि स्लाइड पूर्ण गार होऊ द्या. गरम काचेवर नळाचं पाणी पडलं की काच तडकते आणि वीस मिनिटांची मेहनत सिंकमध्ये जाते.

धुणं, आणि मॅलाकाइट ग्रीनच का

तिसरं चित्र, म्हणजे सगळंच हिरवं दिसलं, तर आधी आकार बघा. लांब दंडगोल हिरवे असतील तर धुणं कमी पडलं आहे किंवा स्मिअर जाड आहे. पण फक्त लहान अंडाकृती हिरवे दाणे असतील आणि लाल दंडगोल जवळजवळ नसतील, तर स्लाइड बरोबर आहे! कल्चर इतकं जून झालं की मातृपेशी फुटून गेल्या आणि मोकळे स्पोअर उरले. लाल-हिरवं दोन्ही एकत्र दाखवायचं असेल तर एक-दोन दिवस कमी वयाचा स्लँट घ्या.

धुण्यासाठी नुसतं पाणी पुरतं. ग्रॅमच्या सवयीने अल्कोहोल घेऊ नका. मुलं विचारतात, क्रिस्टल व्हायोलेट का नाही, तोही धनभारित रंगच आहे. उत्तर हातातल्या कामातच आहे. ग्रॅममध्ये आपण आयोडीन देऊन क्रिस्टल व्हायोलेट पेशीत मुद्दाम अडकवतो, मग तो काढायला अल्कोहोल लागतं. इथे उलट हवं आहे. रंग असा हवा की तो साध्या पेशीला सैल चिकटावा आणि अर्ध्या मिनिटाच्या पाण्याने निघून जावा, पण स्पोअरमध्ये शिरलेला तिथेच कोंडला जावा. मॅलाकाइट ग्रीन पाण्यात विरघळतो, साध्या पेशीवर त्याची पकड कमकुवत असते आणि त्याला पकडून ठेवणारं दुसरं द्रव्य आपण देत नाही. म्हणून पाणी इथे रंग काढण्याचं काम करतं. वर लाल सॅफ्रानिन दिला की हिरवा ठसठशीत उठून दिसतो.

याआधी डॉर्नर यांच्या 1922 च्या पद्धतीत लाल कार्बोल फुक्सिन तापवून स्पोअर रंगवत आणि मागची पार्श्वभूमी निग्रोसिनने काळी करत. मॅलाकाइट ग्रीन स्पोअरसाठी त्याहूनही आधी, 1908 मध्ये, विर्ट्झ यांनी वापरला होता. शेफर आणि फुल्टन यांनी 1933 मध्ये हे सगळं सोपं केलं आणि विद्यार्थ्यांच्या बाकावर आणलं.

धुताना पाण्याची धार स्मिअरवर सोडू नका, वरच्या कडेवर सोडून खाली वाहू द्या. खाली पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, साधारण तीस सेकंद. मग 0.5 टक्के सॅफ्रानिन तीस सेकंद ते एक मिनिट. सॅफ्रानिन तीन-चार मिनिटं ठेवून गप्पा मारत बसलात तर गर्द लाल पेशीतला हिरवा दाणा झाकला जातो.

एका स्लाइडवर दोन स्मिअर

इथवर जमलं नसेल तर दोष कल्चरचा की रंगाचा, हे वेगळं करावं लागेल. एकाच स्लाइडवर डावीकडे महिनाभर जुन्या बॅसिलस स्लँटचा आणि उजवीकडे कोवळ्या ई. कोलायचा स्मिअर करा. दोन्हींवर एकच रंग, एकच वाफ, एकच पाणी. डावीकडे हिरवे दाणे आणि उजवीकडे सगळं लाल आलं, तर तुमचा हात आणि रंग दोन्ही ठीक आहेत, तुमचं कल्चरच चुकीचं आहे. ई. कोलायसुद्धा हिरवा राहिला तर धुणं कमी. डावीकडेही हिरवं नाही, तेव्हा कुठे बाटलीकडे बोट दाखवा.

बाटलीत काय बिघडतं? 5 ग्रॅम पूड 100 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात, विरघळवून फिल्टर पेपरमधून गाळून घ्यायची, एवढंच आहे. हा रंग आल्कलीत रंगहीन होतो, म्हणून क्षारयुक्त बोअरच्या पाण्यात करू नका. पूड तोलताना हातमोजे घाला आणि पंखा बंद ठेवा. ती विषारी आहे आणि एकदा उडाली की आठवडाभर नखं हिरवी राहतात. (भेंडीवर, मिरचीवर हिरवेपणासाठी फासतात तो हाच रंग. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेली द्रव पॅराफिनमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसण्याची चाचणी त्याच्यासाठीच आहे.)

माध्यम आणि हवा

कल्चर पाच दिवस 37 अंशांवर होतं, तरी स्पोअर नाहीत. आता माध्यम बघा. ग्लुकोज घातलेल्या माध्यमावर बॅसिलस तृप्त राहतो आणि स्पोअर बनवणं लांबवतो. साधा न्यूट्रिअंट अगार घ्या आणि त्यात लिटरला 5 मिलिग्रॅम मँगनीज सल्फेट घाला. एवढंसं तोलता येत नाही, म्हणून 100 मिलिग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि 100 मिलिलिटर माध्यमाला त्यातलं अर्धा मिलिलिटर टाका. बॅसिलसमध्ये साखर मोडण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम मँगनीजशिवाय चालत नाही आणि मँगनीज कमी पडलं की स्पोअर बनण्याचं काम अडतं. माझ्या हातून एवढ्या एका बदलाने कितीतरी "आळशी" कल्चर मार्गी लागली आहेत.

दुसरं, झाकण. स्पोअर बनायला बॅसिलसला प्राणवायू लागतो. स्क्रू कॅप घट्ट आवळलेली नळी हे आमच्याकडचं आणखी एक नेहमीचं कारण. कापसाचा बोळा वापरा किंवा कॅप अर्धा आटा सैल ठेवा.

80 अंशांची परीक्षा

यातलं काहीच चाललं नाही, तर कल्चरने स्पोअर बनवणंच सोडलं असण्याची शक्यता आहे. वर्षानुवर्षे दर पंधरा दिवसांनी कोवळ्या कल्चरमधून कोवळं कल्चर केलं की स्पोअर न बनवणाऱ्या पेशींना काहीच तोटा होत नाही आणि हळूहळू त्याच उरतात.

दोन नळ्यांत प्रत्येकी 5 मिलिलिटर निर्जंतुक सलाइन घेऊन एकेक लूप जून कल्चर मिसळा. एक तशीच ठेवा. दुसरी 80 अंशांच्या वॉटर बाथमध्ये अशी बुडवा की बाहेरचं पाणी आतल्या द्रवाच्या वर राहील. शेजारी तेवढंच पाणी भरलेल्या तिसऱ्या नळीत थर्मामीटर ठेवा आणि तो 80 दाखवेल तेव्हापासून दहा मिनिटं मोजा. मग दोन्ही नळ्यांतून प्लेट करा. साध्या पेशी या तापमानाला मरतात, स्पोअर टिकतात. दुसऱ्या दिवशी तापवलेल्या प्लेटवर चार कॉलनी जरी आल्या तरी त्या स्पोअरमधूनच उगवलेल्या आहेत. त्यातली एक उचलून ग्रॅमने शुद्धता बघा आणि पुढचं मूळ कल्चर तिच्यापासून धरा. तापवलेली प्लेट कोरी राहिली तर त्या कल्चरवर आणखी वेळ घालवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीतून विभागाच्या पत्राने नवीन कल्चर मागवा.

इथे हात आवरा

नवीन कल्चर, नवा रंग, पूर्ण वाफ, आणि तरीही जुन्या स्लँटवर काही ओळखू येत नाही, कडा धूसर दिसतात, तर दोष 100 एक्स लेन्समध्ये आहे. वाळलेलं तेल लेन्स पेपरने हलकेच पुसण्यापलीकडे काही करू नका, लेन्स उघडू नका, सर्व्हिसवाल्याला बोलवा. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलेली स्पोअरची चाचणी पट्टी सायकल पूर्ण होऊनही वाढ दाखवत असेल, तर ते स्टेनिंगचं काम नाही. ऑटोक्लेव्ह वापरणं थांबवा आणि अभियंत्याला कळवा.

आणि एक नमुना असा आहे की त्याचा स्मिअर आपल्या प्रयोगशाळेत करायचाच नाही. गावाकडून येणारा एखादा विद्यार्थी सांगतो, आमच्याकडे म्हैस अचानक मेली, नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, थोडं नळीत आणू का? नाही. ही काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची खूण असू शकते. न उघडलेल्या मृतदेहात हा बॅसिलस स्पोअर बनवत नाही, कारण आत हवा नसते. जनावर कापलं, रक्त सांडलं की प्राणवायू मिळतो, स्पोअर बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. जनावर न फाडता, न हलवता, इतर गुरं आणि कुत्री लांब ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करायला सांगा. आणि ज्याने त्या जनावराला हात लावला आहे, त्याला डॉक्टरकडे पाठवा.